पिपाणीच्या गोळ्या

आमच्या बस स्थानकात तुम्ही कधी ताटकळत बसला असाल, तर माझ्या नातीला तुम्ही ऐकलेलं आहे. पाहिलं मात्र नसेल. "साडेनऊची गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे," असं खणखणीत सांगणारी ती. ऐकणाऱ्याला वाटतं, चांगली उंचीपुरी, भरदार बाई असणार. मग कोणीतरी चौकशीच्या खिडकीशी येतं, आत डोकावतं आणि विचारतं, "बाळ, आई कुठे गेली तुझी?"

ती म्हणते, "आई घरी आहे. तुम्हाला गाडी कोणती हवी ते बोला."

उंची चार फूट आठ इंच, वय एकतीस. खुर्चीवर दोन उशा आणि पायाखाली लाकडी खोकं घेऊन बसते, तेव्हा कुठे माइक तोंडाशी येतो. घरात तिला सगळे पिपाणी म्हणतात. हे नाव आमच्या ह्यांनी ठेवलं. तान्ही असताना तिचे कान सारखे फुटायचे आणि ती अशी भोकाड पसरायची की शेजारचे चौकशीला यायचे. "पोर केवढी आणि आवाज केवढा! ही मुलगी नव्हे, पिपाणी आहे," हे म्हणाले, आणि नाव चिकटलं. डाव्या कानाने तिला आजही जरा कमीच ऐकू येतं. बाकीच्या जगाला ऐकवायचं काम मात्र तिचंच.

जन्मली तेव्हा पावलं सुजलेली होती, पुरीसारखी टम्म. सुईण म्हणाली उतरेल, आणि उतरलीही. मान आखूड, केस मागे खूप खालपर्यंत आलेले. माझ्या सुनेला मी म्हटलं, "वेणी घालायला बरं पडेल." इतकंच आमच्या लक्षात आलं. पुढे शाळेत रांगेत ती कायम पहिली. बारा वर्षांची झाली तरी पहिलीच, आणि तिच्या मागे उभ्या राहणाऱ्या मुली तिच्याहून हातभर उंच. तेव्हा कुठे तिचे आईबाप तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. रक्त घेतलं, आणि तीन आठवड्यांनी बोलावलं.

सून घरी आली, पिशवी खाली न ठेवताच पाटावर बसली आणि म्हणाली, "आई, तिच्यात एक गुणसूत्र कमी आहे."

मी विचारलं, "मग ते कुठे मिळतं?"

हसू नका. माझी शाळा चौथीपर्यंत. जीवनसत्त्व कमी असतं, रक्त कमी असतं, मग गोळ्या मिळतात. मला वाटलं हेही तसलंच. सुनेने मला समजावलं की ते मिळत नाही, बाहेरून देता येत नाही, जन्मालाच तसं असतं. मी मान हलवली. मान हलवणं आणि समजणं यात फरक असतो हे मला त्या दिवशी कळलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

दोन-अडीच वर्षं उंचीसाठी रोज सुई झाली. उशीर झाला होता, तरी तीन-चार इंच मिळाले. मग चौदाव्या वर्षी हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या. आधी अर्धी, मग एक, मग दोन वर्षांनी दुसऱ्या प्रकारची गोळी जोडली, आणि एके दिवशी पोर न्हाणीघरातून ओरडली, "आजी, आली!" तिचा आवाज, म्हणजे ती बातमी अर्ध्या आळीला कळली. मी तिला कवटाळून रडले. गोळ्या वेळच्या वेळी देणं हे माझं काम होतं, आणि मी एकही दिवस चुकवला नव्हता. माझ्या मनाने तिथल्या तिथे हिशोब मिटवला. पाळी आली म्हणजे सगळं आलं. पोर दुरुस्त झाली.

तिला डॉक्टरांनी सोळाव्या वर्षी समोर बसवून सगळं नीट सांगितलं होतं. ती घरी येऊन मला म्हणालीसुद्धा, "आजी, मला मूल होणार नाही. आत बीजंच नाहीत."

मी म्हटलं, "गप गं. महिन्याच्या महिन्याला येते ना? मग?"

म्हातारीशी वाद घालून फायदा नाही हे तिला तेव्हापासून ठाऊक होतं.

डेपोत एक मुलगा टायर बसवायचा. दिवसभर गाडीखाली पाठीवर पडलेला, त्यामुळे त्याने पिपाणीला वर्षभर फक्त ऐकलं. पुढे म्हणायचा, "मला वाटलं, ही बाई रागावली तर काय होईल!" मग एकदा चौकशीच्या खिडकीशी आला, खोक्यावर टेकवलेले तिचे पाय पाहिले, आणि तिथेच घरंगळला. दोघांचं जमलं तेव्हा पिपाणीने त्याला पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगून टाकलं. तो म्हणाला, "मला तू हवीस. मुलांचं कोणी मागितलंय?" आईला सांगतोस ना, तिने विचारलं. सांगतो म्हणाला. आणि पुरुषांच्या 'सांगतो'चं जे होतं तेच झालं.

त्याची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, मुलगी पाहायला आल्या. बाई सरळ. आयुष्यभर शिवणयंत्रावर पोट भरून एकुलतं पोर वाढवलेल्या. त्या माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आजी, मुलगी गोड आहे. पण अंगाने फारच लहान. पुढे काही... म्हणजे तसं सगळं ठीक आहे ना?"

सून बाहेर होती, लेक बाहेर होता. उत्तर द्यायला मीच होते. आणि मी काय म्हणाले? "घड्याळ बघून पाळी येते तिची. काळजीच करू नका."

मी खोटं बोलले नाही. एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल.

लग्न झालं. पहिलं वर्ष विहीणबाई गप्प राहिल्या. दुसऱ्या वर्षी उसासे सुरू झाले. कोणाचं बारसं असलं की येऊन माझ्यापाशी बसायच्या आणि म्हणायच्या, "बाकी काय, आपलं आहेच थांबणं." मी म्हणायचे, "होईल हो." पिपाणी डबा भरून कामावर जायची. तिच्या चौकशीच्या खोलीत तेवढा एक पंखा बरा आहे. स्थानकात कोणी पोटुशी बाई उन्हात उभी दिसली की ही माइकवरूनच सांगायची, "फलाट दोनवरच्या हिरव्या पिशवीवाल्या ताईंनी चौकशी कक्षात येऊन बसावे." बाई बिचारी घाबरत यायची. ही तिला आपल्या दोन उशांपैकी एक द्यायची, पाणी द्यायची आणि विचारायची, "हलतं का?" हे तिनेच मला सांगितलं, हसत हसत. एका बाईने तिचा हात धरून पोटावर ठेवला होता. "आजी, माझी सव्वादहाची गाडी पुकारायचीच राहिली. ड्रायव्हर येऊन भांडून गेला."

तिसऱ्या वर्षी विहीणबाईंना कपाटात गोळ्यांचं पाकीट सापडलं. एकवीस गोळ्या, दिवसांची नावं छापलेली. त्या तशाच पाकीट घेऊन औषधाच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने एक नजर टाकली आणि म्हणाला, "या तर मूल न होऊ देण्याच्या गोळ्या."

तो तरी काय करणार? पाकिटावर तसंच असतं. पुढे कळलं की ज्या हार्मोनची पिपाणीच्या अंगात उणीव आहे तेच या गोळ्यांत असतं. दुसऱ्या बायका मूल नको म्हणून घेतात, ही हाडं आणि गर्भाशय नीट राहावं म्हणून घेते. गोळी तीच, कारण वेगळं. पण हे दुकानदाराला कोण सांगणार, आणि विहीणबाईंना कोण?

त्या थेट आमच्याकडे आल्या. पाकीट माझ्या मांडीवर टाकलं.

"तीन वर्षं मी देवाला हात जोडतेय, आणि तुमची नात रोज सकाळी गोळी गिळून माझ्या तोंडावर दार लावतेय?"

मी पाकीट ओळखलं. चौदाव्या वर्षापासून तसल्याच गोळ्या मी माझ्या हाताने तिच्या तळहातावर ठेवल्या होत्या. मला वाटलं, म्हणजे पोर दुरुस्त झाल्यावरही आपण औषध चालूच ठेवलं, आणि औषधानेच अडवलं! सून घरात असती तर तिने समजावलं असतं. पण ती कामावर गेलेली. मी विहीणबाईंना म्हटलं, "तुम्ही जा. मी बघते."

दुसऱ्या दिवशी मी स्थानकात जाऊन पिपाणीसमोर बसले. "बंद कर त्या गोळ्या. आता अंग तयार झालंय तुझं."

"आजी, तसं नसतं गं."

"चार महिने तरी. माझ्यासाठी."

तिने माइक बंद केला. माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा चालू करून अकराची गाडी पुकारली. मला वाटलं, ऐकणार नाही. पण तिने ऐकलं. डॉक्टरांना विचारलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही, आणि गोळ्या बंद केल्या.

त्या महिन्यात पाळी आली नाही. पुढच्या महिन्यातही नाही.

आता ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. तिची पाळी गोळ्यांनी यायची. गोळ्या थांबल्या, पाळी थांबली. पण आम्हा दोन म्हाताऱ्यांना यातलं काय कळत होतं? विहीणबाई उड्या मारायच्या बाकी होत्या. त्यात पिपाणीच्या अंगातून एकदम गरम वाफा निघायच्या, बसल्या बसल्या घाम फुटायचा, चिडचिड व्हायची, झोप यायची नाही. विहीणबाई म्हणाल्या, "मलाही असंच व्हायचं ह्याच्या वेळेला." मी म्हटलं, "मला तर फारच व्हायचं." आम्ही दोघींनी मिळून तिला तिसरा महिना लावून टाकला. विहीणबाईंनी शिवणयंत्र पुसलं आणि जुन्या मऊ चादरीची लंगोटं बेतायला घेतली.

नवरा काय तो शहाणा. त्याने तिला विचारलं, "अगं, हे काय चाललंय?" तिने गोळ्या सोडल्याचं त्याला सांगितलं. तो हादरला आणि दुसऱ्या दिवशी तपासणीची पट्टी घेऊन आला. एकच रेघ उमटली.

पिपाणी माझ्याकडे आली. मी भाजी निवडत होते. शेजारी बसली, तीही निवडायला लागली.

"तुला माहीत होतं ना?" मी विचारलं.

"होतं."

"मग गोळ्या का बंद केल्यास? म्हातारीच्या सांगण्यावरून?"

तिने दोन-चार देठं तोडली. "तुझ्या नाही गं. माझ्याच. सोळाव्या वर्षापासून नाही नाही नाही ऐकलंय. तू एकटी म्हणायचीस होईल. म्हटलं, चार महिने तुझ्या बाजूने राहून बघू." मग म्हणाली, "आजी, दोन महिने मी हात पोटावर ठेवून झोपायचे."

माझ्या हातातली भाजी तशीच राहिली.

त्यानंतर तिच्या डॉक्टरबाई तिच्यावर चांगल्याच रागावल्या. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, हाडांची तपासणी लिहून दिली, आणि म्हणाल्या, "मुलाचा विषय आलाच आहे तर समुपदेशनाला जा. दोघं जा. घरातल्या ज्यांना ज्यांना प्रश्न आहेत त्यांनाही न्या." हे शेवटचं कोणासाठी होतं ते आम्हाला बरोबर कळलं. सुनेला यातलं सगळं आधीच ठाऊक होतं, लेकाची सुट्टी नव्हती. आम्ही चौघं गेलो. ती, टायरवाला, विहीणबाई आणि मी.

खोली लहान. टेबलावर रुमालांचा डबा, भिंतीवर काही नाही. समुपदेशक बाई तरुण होत्या, चष्मा सारखा नाकावरून घसरणाऱ्या. आधी त्यांनी पिपाणीला विचारलं, "यांच्यासमोर बोललेलं चालेल ना?" ती म्हणाली, "यांच्यासाठीच आलेय." मग बाईंनी एक कागद आमच्यासमोर ठेवला. तिच्याच रक्ताच्या पेशीतल्या गुणसूत्रांचा फोटो, बाराव्या वर्षीचा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे छोटे छोटे तुकडे, दोन दोनच्या जोडीने ओळीत लावलेले.

"माणसाच्या पेशीत अशा तेवीस जोड्या असतात," बाई म्हणाल्या. "शेवटची जोडी बघा. मुलीत दोन एक्स असतात. मुलात एक एक्स, एक वाय. हिच्यात एकच एक्स आहे."

मी चष्मा वर करून पाहिलं. सगळ्यांना जोडीदार होते. शेवटच्या जागी एकच होता, शेजारची जागा रिकामी. लग्न होईपर्यंत बारा वर्षं मी गोळ्या दिल्या, पण हे पहिल्यांदा पाहत होते.

विहीणबाईंनी विचारलं, "कोणाकडून आलं हे? यांच्या घराण्यात आहे का?"

"कोणाकडून नाही. बीज तयार होताना किंवा रुजल्यावर लगेच एक हरवतं. आईने काय खाल्लं, काय केलं, याचा काही संबंध नाही. कोणाच्याही घरी होऊ शकतं."

मग त्यांनी सांगितलं की बीजकोषातली बीजं अशा मुलींमध्ये फार लवकर संपतात, पुष्कळ वेळा जन्माआधीच किंवा लहानपणीच. गोळ्यांनी गर्भाशयाचं अस्तर वाढतं आणि थांबवल्या की झडतं, ती पाळी. त्यात बीज नसतं. "पाळी येते म्हणजे मूल होईल असं यात नाही," त्या म्हणाल्या.

विहीणबाईंनी हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी सांगितलं तुम्हाला. मला तेवढंच कळत होतं." त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "आणि तुला कळत होतं ना रे? तीन वर्षं तोंडात टायर होता का तुझ्या?"

मला वाटलं, संपलं. पण बाई पुढे म्हणाल्या, "गर्भाशय मात्र हिचं चांगलं आहे, औषधाने नीट वाढलंय. दुसऱ्या कोणाचं बीज घेऊन, यांच्या बीजाशी बाहेर जुळवून, गर्भ हिच्या पोटात ठेवता येतो. अशा काही जणींना मुलं झाली आहेत."

पिपाणी उठून उभीच राहिली. "माझ्या पोटात?"

"थांबा. त्याआधी हृदय बघावं लागतं. मोठी रक्तवाहिनी. तो निकाल आल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, आणि तुम्हीही मनात हो म्हणू नका."

आता बोला! जिला चार महिन्यांपूर्वी दोनच महिने मिळाले होते, तिला सांगायचं मनात हो म्हणू नको. ती त्या दिवसापासून जमिनीवर नव्हती. लहानपणी हृदयाची एक तपासणी झाली होती, बरी आली होती, त्यामुळे आमचीही भीड चेपली. कोणाचं बीज, कसं, घरात कोणालाच अडचण वाटली नाही. विहीणबाईच म्हणाल्या, "पोटात तर तिच्याच वाढणार. मी तर कापडही दुसऱ्याचं आणून शिवते, झगा माझाच असतो." लंगोटं त्यांनी फेकली नव्हती.

हृदयाचा मोठा फोटो काढला, त्या लांब नळकांड्यात घालून. निकालाच्या दिवशी बाहेर बाकावर आमच्याशेजारी एक उंचच उंच माणूस बसला होता, हातपाय बाकात न मावणारे, सोबत बायको. बोलता बोलता कळलं, त्याला एक एक्स जास्त आहे. शेहेचाळीसऐवजी सत्तेचाळीस गुणसूत्रं. तेही लग्नानंतर पाच वर्षांनी कळलं, तोवर बायकोच सगळे डॉक्टर पालथे घालत होती.

मी म्हटलं, "अरे, मग तुझं जास्तीचं हिला देऊन टाक की."

सगळा बाक हसला. तो म्हणाला, "घ्या आजी, मला त्याने त्रासच झालाय. मूल होत नाही म्हणून मी ताकदीची इंजेक्शनं घेत होतो, पुरुषी हार्मोनची. दाढी आली, अंगात जोर आला. आता डॉक्टर म्हणतात त्यानेच बीज बनायचं उरलंसुरलं काम थांबलं. सहा महिने बंद ठेवायचं, मग छोटं ऑपरेशन करून आत बीज शोधायचं. मिळालं तर मिळालं. निम्म्या लोकांना मिळतं म्हणतात."

त्याची बायको म्हणाली, "निम्म्यात आम्ही असू." आणि पिपाणीकडे पाहून हसली. पिपाणी तिला म्हणाली, "असाल." मग आम्हाला आत बोलावलं.

आत समुपदेशक बाईंशेजारी हृदयाचे डॉक्टरही बसले होते. सांगताना त्यांनी आडवळण घेतलं नाही. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगलेली आहे. तिच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या आहेत. लहानपणच्या तपासणीत ते नीट दिसलं नसावं.

"किती फुगलीय?" पिपाणीने विचारलं.

"तीन पूर्णांक चार सेंटिमीटर."

टायरवाला म्हणाला, "म्हणजे फार आहे का? मी ऐकलंय लोकांना चार-साडेचारपर्यंत..."

"मोठ्या अंगाच्या माणसाला चाललं असतं. हिचं अंग लहान आहे. मोजताना अंगाच्या मापाने भागावं लागतं, आणि तसं भागलं की आकडा धोक्याच्या पुढे जातो. गरोदरपणात रक्त खूप वाढतं, जोर वाढतो. अशा वेळी ती वाहिनी आतून फाटू शकते. फाटली तर आई वाचवणं फार कठीण."

आयुष्यभर ती लहान म्हणून लोकांनी तिच्याकडे खाली वाकून पाहिलं होतं. आता आतही तेच आडवं आलं.

"किती जणींची फाटते?" ती म्हणाली. तिचा आवाज तोच, गाडी पुकारल्यासारखा.

"नेमका आकडा कोणी देऊ शकणार नाही. पण तुमच्या मापाला मी नको म्हणेन. स्पष्ट नको."

"आणि मी हो म्हटलं तर?"

टायरवाला एकदम म्हणाला, "नाही!" आणि विहीणबाई त्याच क्षणी, "नाही गं बाई." मीही तोंड उघडलं होतं.

पिपाणीने हात वर केला. "तुम्ही सगळे थांबा. सोळाव्या वर्षापासून मला 'नाही' दुसरेच सांगतायत. डॉक्टर सांगतात, कागद सांगतो. तुम्हीही सांगितलंत तर मी जन्मभर तुमच्याकडे बोट दाखवीन. हे 'नाही' मला म्हणू द्या. किंवा 'हो'. पण मला."

समुपदेशक बाईंनी चष्मा वर ढकलला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. घाई नाही. विचार करा, प्रश्न आले तर फोन करा. आणि तेवढे दिवस घरात कोणी हा विषय काढायचा नाही. आजी, तुम्हीसुद्धा."

मला सगळ्यांनी किती पटकन ओळखलं!

नऊ दिवस आम्ही जीभ चावून बसलो. टायरवाला गाडीखालून निघायचाच नाही. विहीणबाईंनी यंत्रावर कापड घातलं की उलटं शिवलं जायचं. मी रोज दुपारी स्थानकात जाऊन फलाट तीनच्या बाकावर बसायचे, कुठेही न जाणारी बाई. कंडक्टर विचारायचे, "आजी, कुठली गाडी?" मी म्हणायचे, "बघते अजून." वर कर्ण्यातून तिचा आवाज यायचा. रोज ऐकत असते मी तो, पण तेव्हा मला वाटायचं की दर वाक्याच्या शेवटी ती श्वास जरा जास्तच घेतेय. की माझ्याच कानाला तसं वाटत होतं, कोण जाणे.

दहाव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती बाहेर आली, माझ्या शेजारी बसली आणि तिथूनच दवाखान्यात फोन लावला. "मी पोटात घेणार नाही," म्हणाली. "हो. मीच ठरवलंय. नाही, कोणी काही बोललं नाही, एवढं जन्मात पहिल्यांदा जमलंय त्यांना." मग पुढचं ऐकत राहिली. दुसऱ्या बाईच्या पोटात गर्भ ठेवायचं, त्याचा कायदा काय म्हणतो, दत्तक कसं, सगळं बाई सांगत होत्या. तिने एका जुन्या तिकिटाच्या मागे लिहून घेतलं. फोन ठेवला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. बसल्यावर ती माझ्याएवढीच असते.

"घाबरलीस?" मी विचारलं.

"मरायला नाही. त्याला मागे एकटं ठेवायला. मूल आणि टायर, दोन्ही कसं सांभाळेल तो?"

आणि मग ती रडली. भर स्थानकात, भर दुपारी. एक कंडक्टर आला, थबकला आणि टोपी हातात घेऊन परत गेला. तीन गाड्या न पुकारताच सुटल्या.

त्याला आता दीड वर्ष होत आलं. दत्तकासाठी त्यांनी नाव नोंदवलंय. एक बाई घर बघायला येऊन गेल्या, विहीणबाईंनी त्यांना शिवणयंत्रापासून कपाटापर्यंत सगळं उघडून दाखवलं, गोळ्यांचं पाकीटसुद्धा, "ह्या हार्मोनच्या हं," असं बजावून. पुढे लांब रांग आहे, फोन येईल तेव्हा येईल. आम्ही चौघं एकत्र असताना फोन वाजला की चौघांचे हात एकदम जातात आणि पलीकडून भलतंच कोणीतरी बोलत असतं.

मला वाटलं होतं, दत्तकाचं ठरलं की ती दुसरी ओढ विरेल. तसं होत नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहतात. परवा ती आली, मी चहा टाकत होते. ओट्याला टेकून उभी राहिली आणि विचारलं, "आजी, पोटात पहिल्यांदा हलतं तेव्हा कसं वाटतं गं?"

माझ्या तोंडाशी आलं होतं, काही विशेष नसतं, वायू झाल्यासारखं वाटतं. तिला बरं वाटावं म्हणून. पण तिला बरं वाटावं म्हणून बोललेल्या बोलण्याने काय केलं ते मी पाहिलेलं आहे. मी पातेल्याकडे बोट दाखवलं.

"बघ. पाणी अजून उकळलेलं नाही. पण तळाशी एकच बुडबुडा सुटतो आणि वर येतो. बाहेरून कोणाला दिसत नाही. तसं. मग तू थांबतेस, हातातलं काम तसंच ठेवून, पुन्हा होतंय का म्हणून. आणि बराच वेळ होत नाही. आणि मग होतं."

ती वाकली. पातेल्याच्या तळाकडे पाहत राहिली. एक बुडबुडा सुटला, मग आणखी एक. चहापत्ती माझ्या मुठीत होती. मी ती टाकली नाही. पाणी पूर्ण उकळेपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.